पोस्टिंगचा प्रोग्राम ठेवायचा की बंद करायचा: तास आणि चुका मोजायच्या कशा?

प्रश्न: लोहार चाळीत आमचं इलेक्ट्रिकल मालाचं होलसेलचं दुकान आहे, मी अकाउंट्स बघते. बँक स्टेटमेंटवरून टॅलीत रिसीटच्या एन्ट्र्या आपोआप पडाव्यात म्हणून तीन वर्षांपूर्वी एका मुलाने पायथनमध्ये प्रोग्राम करून दिला. महिन्याला साधारण ९०० एन्ट्र्या असतात. तो मुलगा आता परदेशी गेला. गेल्या वर्षात प्रोग्राम चार वेळा बंद पडला. नवा माणूस देखभालीचे महिन्याला ६,००० रुपये मागतो. शेठ विचारतात, "यात आपलं वाचतं किती ते आकड्यात सांगा." तास आणि टळलेल्या चुका मोजायच्या कशा?

उत्तर:

ताई, बहुतेक ठिकाणी या हिशेबाची पहिलीच पायरी चुकते. एका एन्ट्रीला दीड मिनिट, ९०० एन्ट्र्या, म्हणजे महिन्याला बावीस तास वाचले, असं कागदावर लिहिलं जातं आणि तो आकडा शेठपर्यंत जातो. तो खरा नसतो. कारण प्रोग्राम सगळ्या ९०० एन्ट्र्या करतच नाही, आणि ज्या करतो त्या हातानेही पटकनच होणाऱ्या असतात.

रिसीटच्या एन्ट्र्या दोन जातींच्या असतात. पहिली सरळ: पैसे देणाऱ्याचं नाव स्पष्ट, खातं नेहमीचं, रक्कम एका बिलाशी तंतोतंत जुळणारी. दुसरी अडलेली. दुकानदाराने मुलाच्या यूपीआयवरून पैसे टाकलेले असतात, नाहीतर तीन बिलांचे मिळून एकच रक्कम आलेली असते, नाहीतर बँकेच्या नॅरेशनमध्ये नाव अर्धंच छापलेलं असतं. टीडीएस कापून आलेली रक्कमही यातच. मालाचे १,००,००० आणि १८% जीएसटी असं १,१८,००० चं बिल असेल, आणि मोठा गिऱ्हाईक मालाच्या किमतीवर ०.१% टीडीएस कापत असेल, तर बँकेत १,१७,९०० येतात. बिलाची रक्कम तंतोतंत शोधणाऱ्या प्रोग्रामला हे बिल सापडत नाही. तो रक्कम `On Account` टाकतो किंवा सस्पेन्सला ढकलतो, आणि ते निस्तरायला शेवटी माणूसच बसतो.

म्हणून वेळ मोजताना या दोन जाती वेगळ्या मोजा. टॅलीच्या कंपनीचा बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, म्हणजे चालू वह्यांना धक्का लागणार नाही. जो मुलगा रोज पोस्टिंग करतो त्यालाच त्या प्रतीत मागच्या महिन्याच्या पन्नास एन्ट्र्या हाताने करायला सांगा आणि शेजारी बसून घड्याळ लावा. एक बॅच सोमवारची घ्या, एक आठवड्याच्या मधल्या दिवसाची. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस, सुट्टीलाही चालतं. त्यामुळे सोमवारी सकाळी शनिवार-रविवारचा ढीग साचलेला असतो, आणि ढीग उपसताना माणसाचा वेग वेगळा असतो, चुकाही वेगळ्या होतात.

मशीद बंदरला एका व्यापाऱ्याकडे मी हीच मोजणी केली होती. तिथल्या वेळा तुमच्या ९०० एन्ट्र्यांना लावून दाखवतो. तुमचे आकडे आले की तेवढे बदला, रीत तीच राहील.

सरळ एन्ट्रीला तिथे सरासरी ५० सेकंद लागत होते आणि अडलेलीला ४ मिनिटं. दर शंभरात ८० सरळ, २० अडलेल्या. तुमच्याकडे हेच प्रमाण धरलं तर ७२० सरळ आणि १८० अडलेल्या. सगळं हाताने केलं तर सरळ एन्ट्र्यांचे १० तास आणि अडलेल्यांचे १२ तास, मिळून २२. प्रोग्राम यातले फक्त पहिले १० वाचवतो. अडलेल्यांचे १२ तास होते तिथेच राहतात.

त्या दहातूनही प्रोग्रामने आणलेलं नवं काम वजा करायचं: फाईल ठरलेल्या जागी ठेवणं, चालवणं, पडलेल्या एन्ट्र्यांवरून नजर फिरवणं. स्टेटमेंट उतरवणं यात धरू नका, ते हाताने पोस्टिंग करतानाही करावंच लागतं. बाकीचं काम दिवसाला आठ मिनिटं आणि महिन्याला २५ दिवस धरलं तर ३ तास २० मिनिटं. निव्वळ वाचले ६ तास ४० मिनिटं. बावीस तासांचे पावणेसात राहिले.

आता याचे रुपये. पोस्टिंग करणाऱ्या मुलाचा पगार २६,००० धरू, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला ८ तास, म्हणजे तासाला १२५. बोनस वगैरे धरून १५० म्हणा. ६ तास ४० मिनिटांचे झाले १,००० रुपये. आणि हे हजारही शेठच्या गल्ल्यात पडत नाहीत, कारण पगार तेवढाच जातो. त्या तासांत तो मुलगा काय करतो यावर त्यांची किंमत ठरते. तो वेळ थकबाकीच्या फोनवर जात असेल तर हजारापेक्षा जास्त. दुपारी चार ते पाच मोकळा बसत असेल तर जवळपास शून्य. महिनाअखेरीला रात्री नऊपर्यंत थांबून तो बदलापूरची गाडी पकडत असेल, आणि प्रोग्राममुळे सातला निघत असेल, तर त्या दोन तासांची किंमत वेगळी धरायलाच हवी. मी ती ओव्हरटाइमच्या दराने धरतो आणि स्वतंत्र ओळीत लिहितो.

म्हणजे निव्वळ तासांच्या बळावर ६,००० कुठेच निघत नाहीत. निर्णय चुकांवर येतो, आणि चुका मोजणं तासांपेक्षा कितीतरी नाजूक काम आहे.

बँक पोस्टिंगच्या चुकांचे दोन गट करा: बँक रिकन्सिलिएशनमध्ये पकडल्या जाणाऱ्या आणि न पकडल्या जाणाऱ्या. एन्ट्री राहिली, दोनदा पडली, रक्कम चुकली, तर बँकेची शिल्लक जुळत नाही आणि चूक त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात समोर येते. ती सुधारायला पाच-सहा मिनिटं लागतात. एकदा एका ऑफिसात आधीच्या दिवसांची फाईल पुन्हा चालवली गेली आणि ४३ एन्ट्र्या दुहेरी पडल्या. सगळे हादरले, पण संध्याकाळी शिल्लक जुळेना म्हणून लगेच कळलं आणि अर्ध्या तासात निस्तरलं. नुकसान जवळपास काही नाही.

खतावणी चुकीच्या पार्टीला झाली तर मात्र बँकेची बाजू अगदी बरोबर दिसते. रिकन्सिलिएशन जुळतं, तेरीज जुळते, सगळं शांत असतं. चूक बाहेर येते ती पैसे दिलेल्या गिऱ्हाइकाला तुमच्या सेल्समनचा तगाद्याचा फोन गेल्यावर. दुसऱ्या टोकाला, ज्याने पैसे दिलेच नाहीत त्याची बाकी कमी दिसते आणि त्याला उधारीच्या मर्यादेपलीकडे माल जातो. टळलेल्या चुकांचा खरा पैसा याच प्रकारात आहे, म्हणून मोजणीची मेहनत इथे घाला.

आधी मोजायचा तो हाताच्या कामातला चुकांचा दर. प्रोग्राम येण्याआधीचे महिने टॅलीत आहेत. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर कायद्याने बंधनकारक आहे. टॅलीप्राइम एडिट लॉगमध्ये कोणत्या रिसीटची पार्टी नंतर बदलली ते दिसतं. भागीदारी किंवा मालकीची फर्म असेल तरी एडिट लॉग चालू ठेवता येतो. त्यात सस्पेन्समधून योग्य पार्टीला हलवलेल्या रिसीट मोजू नका. ती चूक नव्हती, उरलेलं काम होतं.

पण एडिट लॉगमध्ये सापडलेल्याच चुका दिसतात. न सापडलेल्यांसाठी नमुना तपासावा लागतो. हाताने पोस्ट केलेल्या ३०० आणि प्रोग्रामने पोस्ट केलेल्या ३०० एन्ट्र्या यादीतून समान अंतराने उचला आणि प्रत्येकीची पार्टी बँकेच्या नॅरेशनशी ताडून पाहा. दोन्हीकडे फक्त सरळ जातीच्याच घ्या. अडलेल्या एन्ट्र्यांतल्या चुका प्रोग्राम असो वा नसो, माणसाच्याच हातून होणार. त्या प्रोग्रामच्या खात्यावर जमाही नाहीत आणि नावेही नाहीत. एका एन्ट्रीला अर्धा मिनिट धरलं तर ६०० ला पाच तास लागतात. एका शनिवारी होऊन जातं.

समजा हाताच्या ३०० मध्ये २ चुकीच्या पार्टीला सापडल्या. बहुधा तीन अक्षरं टाइप करून यादीतल्या पहिल्याच नावावर एंटर दाबलेला असतो. म्हणजे ७२० ला साधारण ५. प्रोग्रामच्या ३०० मध्ये १ सापडली, म्हणजे ७२० ला साधारण २. महिन्याला ३ चुका टळल्या. एका चुकीचा खर्च असा काढा: खातं शोधून सुधारायला पाऊण तास, सेल्समनचा अर्धा तास, तुमचा किंवा शेठचा माफीचा एक फोन. मी ३५० रुपये धरतो. तिन्हींचे १,०५०. शिवाय रिकन्सिलिएशनमध्ये सापडणाऱ्या महिन्याला नऊ चुका टळल्या असतील तर प्रत्येकी सहा मिनिटांनी ५४ मिनिटं, म्हणजे १३५ रुपये. तासांचे १,००० मिळवले की एकूण फायदा महिन्याला २,१८५.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी. ३०० मध्ये २ आणि ३०० मध्ये १, हा फरक इतका लहान आहे की तो नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. नमुन्यात एकही चूक सापडली नाही तरी दर शून्य म्हणता येत नाही. ३०० तपासून शून्य आल्या तर खरा दर १% पर्यंत असू शकतो, १०० तपासून शून्य आल्या तर ३% पर्यंत. तीनला नमुन्याच्या संख्येने भागायचं, हा संख्याशास्त्रातला जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. म्हणून "तीन चुका टळतात" असं ठामपणे लिहू नका. उलट असं विचारा की आकडा किती हलला तर निर्णय बदलेल? महिन्याला तीनऐवजी दहा चुका टळतात असं उदारपणे धरलं तरी ३,५०० अधिक १,१३५, म्हणजे ४,६३५ होतात. तरीही ६,००० भरत नाहीत. चुकीच्या पार्टीच्या टळलेल्या चुका शून्य धरल्या तर फायदा १,१३५ वर येतो. म्हणजे या आकड्यांवर ६,००० ला नाही म्हणायला आणखी हजार एन्ट्र्या तपासायची गरज नाही. दर बिघाडाला वेगळे पैसे द्यायचे असतील तर मात्र गणित फिरतं. वर्षात चार बिघाड, प्रत्येकी २,५०० धरले तर महिन्याला ८३३ पडतात. बिघाडाच्या दिवसांत हाताने केलेलं काम वजा केलं तरी प्रोग्राम ठेवणं परवडतं, फक्त चुका खरंच टळत असल्या पाहिजेत. तेव्हा त्या माणसाशी मासिक कराराऐवजी कामागणिक दर ठरवता येतो का ते आधी बोलून बघा.

हे सगळं सरासरीचं झालं. सरासरीत न मावणारी एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. माणूस चुकतो तेव्हा आज इथे, उद्या तिथे चुकतो. प्रोग्राम चुकतो तेव्हा तीच चूक दर वेळी करतो. एका ऑफिसात एकाच नावाची दोन गिऱ्हाइकं होती, एक कल्याणचं, एक कुर्ल्याचं. प्रोग्राममधल्या जोडणीच्या तक्त्यात कल्याणवाल्याचं बँक खातं कुर्ल्याच्या लेजरला लागलं होतं. अकरा आठवडे कल्याणचे सगळे पैसे कुर्ल्याला जमा होत राहिले. कुर्ल्याची बाकी कमी दिसत असल्याने त्याला माल जात राहिला. दिवाळीआधी बाकीच्या खात्रीची पत्रं गेली तेव्हा कळलं. तोवर कुर्ल्यावर मर्यादेपेक्षा दीड लाखाहून जास्त उधारी चढली होती आणि ती वसूल व्हायला आठ महिने गेले. नमुन्यातल्या ३०० मध्ये अशी एकच एन्ट्री दिसली असती आणि आपण "एक चूक" लिहून पुढे गेलो असतो. म्हणून प्रोग्रामच्या नमुन्यात चूक सापडली की तिची बेरीज करण्याआधी त्या पार्टीच्या सगळ्या एन्ट्र्या उघडून बघा. एकटी आहे की माळ आहे, ते लगेच कळतं. अशा घटनेची रक्कम सरासरीत मिसळू नका, एकच घटना पूर्ण हिशेब खाऊन टाकते. शेठना दाखवायच्या कागदावर तिला वेगळी ओळ द्या आणि ती टाळायला काय केलंय ते समोर लिहा. तिमाहीला एकदा जोडणीचा तक्ता छापून सेल्समनकडून वाचून घेतला तरी अशा बहुतेक चुका सापडतात, कारण कोणती पार्टी कुठली ते त्यालाच पक्कं ठाऊक असतं.

आता बिघाडांबद्दल. तुमचे चार बिघाड कोणत्या प्रकारचे होते ते आठवून लिहा. प्रोग्राम थांबला आणि स्क्रीनवर एरर आली, तो बिघाड स्वस्त. बँकेने स्टेटमेंटचे रकाने बदलले, वर दोन ओळी वाढवल्या, की असं होतं. न थांबता चुकीचं पोस्ट करत राहिला, तो महाग. याचं नेहमीचं उदाहरण तारखेचं आहे. पायथनमधलं तक्ते वाचायचं साधन पांडास, काही सांगितलं नसेल तर, `03/04/2025` ही तारीख ३ एप्रिल न समजता ४ मार्च समजतं. जुन्या आवृत्त्यांत बारा तारखेपर्यंतच्या तारखा गुपचूप उलट्या होत आणि तेरापासून पुढच्या बरोबर येत, त्यामुळे महिन्याच्या उत्तरार्धात तपासणाऱ्याला काहीच दिसत नसे. पार्टीच्या खात्यात पैसे महिनाभर मागेपुढे दिसले की उधारीचे दिवस चुकतात आणि व्याजाचं बिल चुकतं. नव्या माणसाला पैसे देण्याआधी या दोन ओळी प्रोग्राममध्ये आहेत का ते त्याला दाखवायला सांगा:

```python
df["Date"] = pd.to_datetime(df["Date"], format="%d/%m/%Y")
assert round(opening + df["Credit"].sum() - df["Debit"].sum() - closing, 2) == 0
```

पहिली ओळ तारखेचा साचा पक्का करते. तारीख त्या साच्यात बसली नाही तर प्रोग्राम थांबतो. दुसरी ओळ सुरुवातीची शिल्लक, जमा, नावे आणि अखेरची शिल्लक यांचा मेळ घालते. मेळ बसला नाही तर एकही एन्ट्री टॅलीत जात नाही. रकान्यांची नावं तुमच्या बँकेच्या फाईलप्रमाणे बदलतील. अशा दोन-तीन तपासण्यांनी गप्प बिघाड बोलके होतात, आणि देखभालीचा खरा खर्च इथेच उतरतो. चुकीची पार्टी मात्र यात पकडली जात नाही. तिला वर सांगितलेला तक्ताच लागतो.

तुलना कशाशी करायची, हेही ठरवून घ्या. तीन वर्षांपूर्वी दुसरा पर्याय हाताने पोस्टिंग हाच होता. आता टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्यांत बँक स्टेटमेंट आत घेऊन त्यावरून व्हाउचर बनवायची सोय आहे. तुमच्या बँकेची फाईल त्यात नीट जाते का ते त्याच बॅकअपच्या प्रतीत एक दिवस करून बघा. जात असेल तर तुमच्या प्रोग्रामचा फायदा ६ तास ४० मिनिटं राहत नाही. त्या सोयीपेक्षा तो जेवढा जास्त वाचवतो तेवढाच त्याचा फायदा, आणि तो अर्ध्या तासावरही येऊ शकतो.

मोठ्या गिऱ्हाइकांसाठी बँकेकडे व्हर्च्युअल अकाउंट नंबरचीही चौकशी करा. प्रत्येक पार्टीला वेगळा नंबर मिळतो, पैसे तुमच्या एकाच खात्यात येतात, आणि स्टेटमेंटमध्ये तो नंबर दिसत असल्याने कोणी दिले याचा अंदाज बांधावा लागत नाही. वरच्या चाळीस-पन्नास पार्ट्या जरी यावर आल्या तरी कल्याण-कुर्ल्यासारख्या चुकीचं मूळच जातं. बँक याचे काय आकारते ते विचारून त्याच कागदावर लिहा.

शेठना देताना एकच पान द्या: निव्वळ तास आणि ते कुठे जातात, सापडलेल्या चुका दोन गटांत, वेगळ्या ओळीत मोठी घटना, आणि समोर प्रोग्राम, हाताने पोस्टिंग आणि टॅलीची सोय या तिन्ही पर्यायांचा महिन्याचा खर्च. आकड्यांना खालची आणि वरची हद्द दोन्ही लिहा.

शेवटी बंद करायचं ठरलं तर प्रोग्राम पुसण्याआधी त्यातला जोडणीचा तक्ता एक्सेलमध्ये काढून ठेवा: कोणतं बँक खातं किंवा यूपीआय कोणत्या लेजरचं, तो. तीन वर्षांत तो तुमच्याच माणसांच्या दुरुस्त्यांनी भरला आहे. हाताने पोस्टिंग करणाऱ्या मुलाच्या टेबलावर त्याची छापील प्रत असली तर अडलेल्या १८० पैकी बऱ्याच एन्ट्र्या चार मिनिटांवरून एकावर येतील.